फळा पुसण्याआधीची चौकट

सारणिकांवरील 50 मिनिटांच्या तासाचे चित्रण मी तिपाईवर स्थिर ठेवलेल्या मोबाइलने केले होते, आणि उजळणीसाठी त्यातील भरलेल्या फळ्याची चित्रे मला हवी होती. प्रथम मी दृश्यबदल ओळखणारी `ffmpeg` मधील `scene` ही सोय वापरली. पण फळा हळूहळू भरत असल्याने तिला लेखन जाणवलेच नाही, आणि उंबरठा खाली आणताच सरांच्या येरझाऱ्या तेवढ्या हाती लागल्या.

खरे तर हवी असते ती पुसण्यापूर्वीची शेवटची चौकट. म्हणून दर 5 सेकंदांनी एक चौकट घेऊन, लगतच्या 7 चौकटींतील प्रत्येक बिंदूचे मध्यक मूल्य काढले:

```
ffmpeg -i taas.mp4 -vf "fps=1/5,tmedian=radius=3" f_%04d.png
```

खडूची अक्षरे जागची हलत नाहीत, सर हलतात. त्यामुळे मध्यकात अक्षरे टिकतात आणि सर पुसले जातात. एकाच जागी ते 20 सेकंद उभे राहिले, तर मात्र त्यांची आकृती उरतेच.

सुमारे 600 चित्रांपैकी प्रत्येकातील पांढऱ्या बिंदूंची संख्या मोजल्यावर ती चढत जाऊन एकदम कोसळताना दिसली, आणि प्रत्येक कोसळण्याआधीचे शिखर मी निवडले. सर अनेकदा अर्धाच फळा पुसत असल्याने डाव्या व उजव्या भागाची मोजणी वेगळी ठेवावी लागली. डस्टरचा पांढुरका थरही मोजला जात होता, तो उंबरठा वाढवून टाळला. शेवटी 9 चित्रे उरली. त्यांपैकी 2 मध्ये सरांचा खांदा सहगुणकावर आला होता, तेवढा भाग मी चित्रण पाहून हाताने लिहिला.