मेक्सिकोच्या क्लायंटशी पहिला व्हिडिओ कॉल: नमस्कार सोपा, निरोप अवघड

‘कॉलसाठी पन्नास स्पॅनिश वाक्ये’ अशा याद्या पाठ करून कॉलला बसू नका. पहिल्या कॉलला आठ-दहा वाक्ये पुरतात, फक्त ती योग्य क्षणी यायला हवीत. मी इथे मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा शहरातल्या क्लायंटचं उदाहरण घेते, कारण माझं बहुतेक काम तिकडचंच आहे.

नमस्कार त्यांच्या घड्याळाप्रमाणे करायचा. मेक्सिकोच्या बहुतेक भागात 2022 पासून घड्याळ पुढं-मागं करणं बंद झालंय, त्यामुळे ग्वादालाहारा वर्षभर आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे असतं. आपल्याकडे रात्रीचे साडेआठ वाजले की तिथे सकाळचे नऊ, म्हणून ‘ब्वेनोस दीआस’. दुपारी बारानंतर ‘ब्वेनास तार्देस’. मग ‘मूचो गूस्तो’, म्हणजे भेटून आनंद झाला. तेच समोरून आलं तर ‘इग्वालमेंते’, म्हणजे मलाही. आवाज पोचतोय का हे ‘मे एस्कूचा ब्येन?’ असं विचारा.

पहिल्या कॉलला ‘उस्तेद’च वापरा, म्हणजे आदराचं ‘तुम्ही’. जवळिकीचं ‘तू’ चालेल की नाही, हे क्लायंटला ठरवू द्या. स्पॅनिशमध्येही ते ‘तू’च आहे. त्याने आपणहून ‘तू’ वापरलं किंवा तसं सुचवलं, की तुम्हीही बदला. तो इंजिनिअर असेल तर मेक्सिकोत त्याला ‘इंखेन्येरो’, बाई असेल तर ‘इंखेन्येरा’ म्हणतात. आपण ‘डॉक्टर’ म्हणतो तितक्याच सहजपणे.

गप्पांना एकच प्रश्न पुरे. जून-जुलैत मी ‘या एम्पेसारोन लास यूव्यास?’, म्हणजे पाऊस सुरू झाला का, असं विचारते. ग्वादालाहाराचा पावसाळाही साधारण जूनपासूनच असतो, त्यामुळे पुण्याच्या पावसावर दोन वाक्यं आपोआप होतात. इतर महिन्यांत ‘आकी या सोन लास ओचो इ मेदिया दे ला नोचे’, इथे रात्रीचे साडेआठ वाजलेत, एवढं सांगितलं तरी समोरचा बोलायला लागतो. गुन्हेगारी आणि राजकारण हे विषय मात्र काढू नका, बातम्यांत काहीही चालू असलं तरी.

आता निरोप. मी सर्वात जास्त चुका इथेच केल्या, आणि शिकवणाऱ्यांनी याबद्दल सर्वात कमी सांगितलं. माझ्या एका सुरुवातीच्या कॉलमध्ये काम संपल्यावर मी ‘ग्रासियास, आदियोस’ म्हणून लाल बटण दाबलं. क्लायंट तेव्हा बोलतच होता. पुढच्या ईमेलमध्ये त्याने विचारलं, काही बिनसलं का? ‘आदियोस’ चूक नाही, पण कामाच्या कॉलला निरोपाचा हा शब्द एकटाच आला तर दार आपटल्यासारखा वाटतो.

आपण कुणाच्या घरून निघताना उठून ‘जातो’ म्हणत नाही. ‘चला’ म्हणतो, थोडं बोलतो, ‘येतो मग’ म्हणतो आणि दारातही दोन मिनिटं थांबतो. तिथेही अगदी तसंच असतं. त्यांचं ‘चला’ म्हणजे ‘ब्वेनो, प्वेस’. ते थोडं लांबवून म्हणायचं, आणि समोरच्याला कळतं की निघायची वेळ झाली. मग काय ठरलं ते एका वाक्यात: ‘एन्तोन्सेस, ले मांदो एल रेसूमेन मान्याना’, तर मग गोषवारा मी उद्या पाठवते. इथे थांबा, त्याला होकार देऊ द्या. बऱ्याचदा आठवलेला एखादा मुद्दा तो याच वेळी काढतो, आणि घाई केली तर तो तसाच राहून जातो.

त्यानंतर ‘नो ले कीतो मास त्येम्पो’, तुमचा आणखी वेळ घेत नाही. हे वाक्य पाठच करा. कॉल तुम्ही संपवताय, पण मान त्याच्या वेळेला मिळतोय. पाठोपाठ ‘मूचास ग्रासियास पोर सू त्येम्पो’, तुमच्या वेळेबद्दल खूप धन्यवाद.

तो ‘के तेंगा ब्वेन दीआ’ म्हणेल, दिवस छान जावो. अनेकजण इथे ‘दे नादा’ म्हणतात, मीही म्हणत असे. ते आभाराचं उत्तर आहे, शुभेच्छेचं नाही. इथे ‘इग्वालमेंते’ म्हणा, आणि पुढे ‘के एस्ते मुई ब्येन’, छान राहा, असं जोडा. तुमच्याकडे रात्र आहे हे लक्षात ठेवून तो ‘ब्वेनास नोचेस’ म्हणाला, तर ‘ग्रासियास’ म्हणून त्याला मात्र ‘ब्वेन दीआ’ म्हणा. तिकडे सकाळच आहे.

शेवटी ‘एस्तामोस एन कोन्ताक्तो’, संपर्कात राहू, आणि ‘आस्ता ल्वेगो’, पुन्हा भेटू. हात हलवा, हसा, आणि बटणावर बोट नेऊ नका. दोन-तीन वेळा ‘ग्रासियास’ची देवाणघेवाण होईल, ती होऊ द्या. पहिल्या कॉलमध्ये क्लायंटची खिडकी आधी बंद होऊ दे, मग तुमची.