जवळून काढलेला चेहरा टेलिफोटो पोर्ट्रेटवर बसवण्यापूर्वीची तयारी

लग्नसराईत परभणी-लातूरकडच्या स्टुडिओंत हे काम अनेकदा येते. नवरदेवाचे ८५ मिमी लेन्सने काढलेले पोर्ट्रेट उत्तम जमलेले असते, पण त्यात डोळे मिटलेले असतात, आणि घरच्यांकडे त्याच दिवशीचा, मोबाइलवर हातभर अंतरावरून काढलेला हसरा सेल्फी असतो. तो चेहरा पोर्ट्रेटवर बसवायचा असेल, तर पहिली तयारी फाइलची. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून आलेली प्रत लहान झालेली असते आणि तिच्यातली कॅमेऱ्याची माहितीही गेलेली असते, म्हणून ‘भाऊ, फोटो डॉक्युमेंट करून पाठवा’ असे आधीच सांगावे. कडा कापलेली प्रत स्वीकारू नये, कारण पुढचा हिशेब पूर्ण फ्रेमवरच चालतो. समोरच्या कॅमेऱ्याने फोटो आरशासारखा उलटा जतन केला आहे का, हे भांगावरून किंवा एखाद्या तिळावरून तपासून घ्यावे.

यानंतर दोन्ही फोटोंत कॅमेरा चेहऱ्यापासून किती दूर होता ते काढावे. सेल्फीत नाक मोठे आणि कान लहान दिसतात, त्याचे खरे कारण लेन्स नसून अंतर आहे. म्हणूनच फोटोशॉपमधील Lens Correction येथे उपयोगी पडत नाही. ते लेन्समुळे वाकलेल्या रेषा सरळ करते, नाक-कानांचे प्रमाण बदलत नाही. प्रौढ माणसाच्या दोन बाहुल्यांमधले अंतर सरासरी ६३ मिमी असते, त्यावरून अंदाज बांधता येतो:

```
अंतर (मिमी) = फोकल लांबी (पिक्सेल) × 63 ÷ बाहुल्यांमधले पिक्सेल
```

समजा, सेल्फी ४००० × ३००० पिक्सेलचा असून त्याची फोकल लांबी ३५ मिमी फिल्मच्या मापात २६ मिमी आहे. अशा फ्रेमचा कर्ण ५००० पिक्सेल आणि फिल्मचा कर्ण ४३.३ मिमी, म्हणून फोकल लांबी सुमारे ३००० पिक्सेल होते. बाहुल्यांमध्ये ४४० पिक्सेल मोजले, तर डोळे कॅमेऱ्यापासून सुमारे ४३ सेंमीवर होते. ६००० पिक्सेल रुंदीच्या फुल-फ्रेम पोर्ट्रेटमध्ये हेच माप ३५० पिक्सेल आले, तर तिथले अंतर अडीच मीटरच्या आसपास येते. मात्र मान वळलेली असेल, तर बाहुल्यांमधले माप आखूड येते आणि अंतर प्रत्यक्षापेक्षा जास्त निघते; त्यामुळे हा हिशेब समोरून पाहणाऱ्या चेहऱ्यापुरताच धरावा.

आता आकार जुळवावा, आणि तो बाहुल्यांवरूनच जुळवावा. येथे सेल्फी ८० टक्क्यांवर आणला की ४४० चे ३५० होतात. चेहऱ्याची बाह्यरेषा जुळवण्याचा मोह टाळावा, कारण सेल्फीत गाल मागे वळून अरुंद दिसतात आणि बाह्यरेषा जुळवली की डोळे, नाक व ओठ शरीराच्या मानाने मोठे होतात. ही चूक ओळखायला सोपी आहे: फोटो लहान करून पाहिला की फेट्याखालचे डोळे टपोरे वाटतात.

डोळे जुळल्यावर उरलेला फरक मोजता येतो. नाकाचे टोक डोळ्यांच्या साधारण ३ सेंमी पुढे आणि कान ९ सेंमी मागे धरले, तर सेल्फीतले टोक पोर्ट्रेटच्या मानाने सुमारे ६ टक्के मोठे आणि कान १४ टक्के लहान निघतात. नाकासाठी Liquify मधील Nose Width आणि Nose Height हलक्या हाताने वापरावेत. टोकाशी पूर्ण ६ टक्के, नाकपुड्यांच्या बाजूंना त्याच्या निम्मे, आणि नाकाच्या मुळाशी काहीच नाही, असा उतार ठेवावा. १९० पिक्सेल रुंद नाकपुड्यांना निम्मे म्हणजे प्रत्येक बाजूने जेमतेम ३ पिक्सेल. यापेक्षा जास्त ओढले की नाकच दुसऱ्याचे वाटू लागते.

कानांच्या बाबतीत मात्र ओढाताण करूच नये. जवळून काढलेल्या फोटोत गालाचा मागचा भाग आणि कानाचा काही भाग दिसतच नाही, आणि जे कॅमेऱ्याने पाहिले नाही ते ताणून मिळत नाही. म्हणून कान, केस, फेटा, जबड्याची कड आणि मान पोर्ट्रेटचीच ठेवावी, सेल्फीतून फक्त भुवया ते खालच्या ओठाखालचा भाग घ्यावा, आणि मास्कची मऊ कड गालाच्या सपाट भागावरून न्यावी. माझ्या मते या कामाचे निम्मे यश या एका निर्णयात आहे. हनुवटीही याच कारणाने टाळावी: डोळ्यांच्या उंचीवर धरलेला मोबाइल ४० सेंमीवरून हनुवटीकडे वरून पाहतो, तर अडीच मीटरवरचा कॅमेरा तिच्याकडे जवळजवळ समोरून पाहतो.

चष्मा असेल किंवा दोन्ही फोटोंत मानेचे वळण ठळकपणे वेगळे असेल, तर हे काम हाती घेऊ नये. अशा वेळी नवरदेवालाच पुन्हा अडीच मीटरवर उभे करावे आणि प्रकाश त्याच बाजूने ठेवावा. मोबाइलच्या मुख्य लेन्सने तेवढ्या अंतरावरून बाहुल्यांमध्ये जेमतेम ७५ पिक्सेल मिळतात, त्यामुळे हा फोटो तिप्पट झूमच्या स्वतंत्र लेन्सने किंवा शक्यतो त्याच ८५ मिमी लेन्सने काढावा.