या चुका टाळा: कंट्रोल दाबून निवडलेल्या विखुरलेल्या सेलमध्ये एकच नोंद भरताना

एक्सेलमध्ये एकमेकांना लागून नसलेले सेल कंट्रोल दाबून एकेक करून निवडावेत, मजकूर एकदाच टाइप करावा आणि `Ctrl+Enter` दाबावे, की तो मजकूर निवडलेल्या सर्व सेलमध्ये एकदम भरला जातो. कृती इतकी छोटी असल्यामुळे ती चुकली तरी बऱ्याचदा लक्षात येत नाही. पगाराच्या दिवशी एखाद्या कामगाराचे दिवस जुळेनासे झाले म्हणजे मग मस्टरमध्ये शोधाशोध सुरू होते.

उदाहरणासाठी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या टॉवेल-कारखान्याचे जानेवारीचे मस्टर डोळ्यांसमोर आणा. पहिल्या ओळीत मथळे आहेत, A कॉलममध्ये कामगारांची नावे आहेत आणि B पासून AF पर्यंतच्या कॉलममध्ये १ ते ३१ तारखा आहेत. AG कॉलममध्ये प्रत्येकाचे खाडे मोजणारे सूत्र आहे. गड्ड्याच्या यात्रेमुळे संक्रांतीच्या आसपास खाडे वाढतात, परंतु सगळे एकाच दिवशी गैरहजर नसतात. चौघांचा खाडा १४ तारखेचा आहे, म्हणून O4, O9, O18 आणि O26 हे सेल भरायचे आहेत. आणखी एकजण १३, १४ आणि १५ या तिन्ही दिवशी आला नाही, म्हणून N13, O13 आणि P13 भरायचे आहेत. या सातही सेलमध्ये «खा» अशी नोंद करावयाची आहे.

सर्वात घातक चूक टाइप करण्याच्या आधीच, पहिल्या क्लिकच्या वेळी होते. हिशेबनीसाने थोड्या वेळापूर्वी AG2 मधील बेरीज तपासली होती आणि नंतर माउसच्या चाकाने किंवा खालच्या पट्टीने शीट डावीकडे सरकवली, असे समजा. शीट सरकवल्याने निवड बदलत नाही. AG2 दिसेनासा झाला तरी निवडलेलाच राहतो. आता कंट्रोल दाबून O4 वर क्लिक केले, तर एक्सेलच्या दृष्टीने तो दुसरा सेल ठरतो. पुढचे सहा सेलही बिनचूक निवडले जातात, «खा» टाइप होते, `Ctrl+Enter` दाबले जाते आणि पडद्यावर सातही ठिकाणी «खा» दिसते. पडद्याबाहेर मात्र AG2 मधले सूत्र पुसले जाऊन तेथेही «खा» येऊन बसलेले असते. म्हणून पहिला सेल नेहमी कंट्रोल न दाबता निवडावा, म्हणजे आधीची निवड आपोआप सुटते, आणि कंट्रोल दुसऱ्या सेलपासून दाबावा.

हे घडले आहे का, ते ओळखण्याचा सोपा मार्ग शीटच्या खालच्या पट्टीवर असतो. `Ctrl+Enter` दाबल्यानंतर निवड तशीच राहते आणि खाली `Count` पुढे निवडीतील भरलेल्या सेलची संख्या दिसते. आपल्याला सात अपेक्षित असताना तेथे आठ दिसले, तर एक सेल जास्तीचा घेतला गेला आहे. सहा दिसले, तर एक सुटला आहे. अशा वेळी कोठेही क्लिक न करता `Ctrl+Z` दाबावे. सगळ्या सेलमधली भरणी एकाच वेळी मागे जाते आणि AG2 मधले सूत्रही परत येते. हाच आकडा टाइप करण्यापूर्वीही उपयोगी पडतो. आपण रिकामे सेल निवडले आहेत असे वाटत असताना खाली `Count` दिसू लागला, तर निवडीत आधीच भरलेले सेल आले आहेत आणि त्यांतील मजकूर पुसला जाणार आहे. मात्र भरलेला सेल एखादाच असेल तर या पट्टीवर विसंबू नये, तेथे डोळ्यांनीच पाहावे.

दुसरी चूक बहुतेकांच्या हातून होते, ती म्हणजे सवयीने नुसते एंटर दाबणे. तसे केल्यास नोंद फक्त एकाच सेलमध्ये होते आणि एक्सेल निवडीतील पुढच्या सेलवर जाते. येथे पुष्कळजण निवड मोडून पुन्हा पहिल्यापासून सेल वेचू लागतात, पण त्याची काहीच गरज नसते, कारण सातही सेल अजून निवडलेलेच असतात. आहे त्या ठिकाणी «खा» पुन्हा टाइप करून `Ctrl+Enter` दाबले की काम होते. अट एकच: मधे बाणांच्या कळांना हात लावू नये आणि कंट्रोलशिवाय कोठेही क्लिक करू नये, कारण या दोन्ही गोष्टींनी निवड सुटते.

नोंद पुसतानाही असाच घोटाळा होतो. अनेक सेल निवडून `Backspace` दाबले तर फक्त एक सेल रिकामा होतो आणि त्यात टाइप करण्याची स्थिती येते. सगळे सेल एकदम रिकामे करायचे असतील, तर `Delete` दाबावे.

मजकुराऐवजी सूत्र भरायचे असेल तर जरा थांबून विचार करावा लागतो. निवडलेल्या सेलपैकी एक सेल नेहमी चालू सेल असतो. बाकीच्यांवर राखाडी छटा येते, तो मात्र पांढरा राहतो आणि त्याचा पत्ता डावीकडे वरच्या चौकटीत दिसतो. विखुरलेल्या निवडीत शेवटी क्लिक केलेला सेल चालू सेल होतो, आणि आपण टाइप केलेले सूत्र एक्सेल त्या सेलसाठीच लिहिले आहे असे धरून बाकीच्या सेलसाठी त्यातील पत्ते सरकवते. समजा, २२, २५ आणि ३१ या ओळींतील कामगार महिन्याच्या मध्यावर रुजू झाले आणि त्यांच्या AG मध्ये सूत्र घालायचे राहून गेले. AG22, AG25 आणि AG31 या क्रमाने सेल निवडले, आणि सुरुवात २२ पासून केली म्हणून सूत्रही २२ व्या ओळीचेच लिहिले:

```
=COUNTIF(B22:AF22,"खा")
```

हे चूक आहे. चालू सेल AG31 असल्यामुळे २२ व्या ओळीचे सूत्र तेथे बसते आणि एक्सेल «नऊ ओळी वर पाहा» असा त्याचा अर्थ लावते. मग AG25 मध्ये १६ व्या ओळीचे आणि AG22 मध्ये १३ व्या ओळीचे खाडे मोजले जातात. तिन्ही ठिकाणी आकडे येतात, त्रुटीचा कोणताही संदेश येत नाही. आपल्या उदाहरणात १३ व्या ओळीत यात्रेचे तीन खाडे आहेत, ते आता २२ व्या ओळीतल्या माणसाच्या नावावर दिसू लागतात. बरोबर सूत्र असे हवे:

```
=COUNTIF(B31:AF31,"खा")
```

म्हणून सूत्र लिहिण्यापूर्वी डावीकडच्या वरच्या चौकटीत कोणता पत्ता आहे ते वाचावे आणि त्याच ओळीचे सूत्र लिहावे. पडताळणीसाठी भरून झाल्यावर एखाद्या दुसऱ्या सेलवर, उदाहरणार्थ AG22 वर, जाऊन `F2` दाबावे. सूत्र ज्या सेलचा संदर्भ घेते त्यांच्याभोवती रंगीत चौकट येते. ती चौकट त्याच ओळीवर असली पाहिजे.

मराठीत टाइप करताना याच सूत्राशी संबंधित आणखी एक अडचण येते. उच्चारानुसार मराठी लिहिणाऱ्या कीबोर्डवर शब्द पक्का करण्यासाठी स्पेस दाबण्याची सवय असते, आणि ती मोकळी जागाही सेलमध्ये जाते. `COUNTIF` ला «खा» आणि शेवटी मोकळी जागा असलेले «खा» हे दोन वेगळे शब्द वाटतात, त्यामुळे सातही सेलमध्ये नोंद दिसते आणि मोजणी शून्यच राहते. `Ctrl+Enter` दाबण्यापूर्वी कर्सर अक्षराला चिकटलेला आहे ना, ते पाहावे. भरून झाल्यावर लक्षात आले तर निवड तशीच ठेवून `F2` दाबावे, शेवटची जागा खोडावी आणि पुन्हा `Ctrl+Enter` दाबावे. दुरुस्ती सर्वत्र पोहोचते.

निवड करतानाच नको तो सेल घेतला गेला, तर उपाय एक्सेलच्या आवृत्तीवर अवलंबून असतो. माइक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये आणि एक्सेल २०१९ पासूनच्या आवृत्त्यांमध्ये कंट्रोल दाबूनच त्या सेलवर पुन्हा क्लिक केले की तो निवडीतून वगळला जातो. त्याआधीच्या आवृत्त्यांत तसे होत नाही, त्यामुळे निवड नव्याने करावी लागते. कंट्रोल दाबलेले असताना माउसचे चाक फिरवले तर शीट सरकत नाही, लहानमोठी होते. सरकवायची असेल तर कंट्रोल सोडावा, चाक फिरवावे आणि पुढच्या क्लिकच्या आधी तो पुन्हा दाबावा. नुसता कंट्रोल सोडल्याने निवड जात नाही. सेल पुष्कळ असतील आणि बोट अवघडत असेल, तर पहिला सेल निवडून `Shift+F8` दाबावे. मग कंट्रोल न दाबता केलेली प्रत्येक क्लिक निवडीत भर घालते, आणि `Esc` दाबले की ही स्थिती संपते. पत्ते आधीच ठाऊक असतील तर माझ्या मते माउसला हात न लावणेच बरे. डावीकडच्या वरच्या चौकटीत पुढील पत्ते लिहून एंटर दाबले की सातही सेल एकदम निवडले जातात आणि AG2 सारखा जुना सेल निवडीत राहण्याचा प्रश्नच उरत नाही:

```
O4,O9,N13:P13,O18,O26
```

लपवलेल्या ओळींबाबतही सावध राहावे. काम सोडून गेलेल्या कामगारांच्या ओळी पुष्कळदा हाताने लपवून ठेवलेल्या असतात. एकेका सेलवर क्लिक केल्यास त्यांना धक्का लागत नाही, पण मधेच एखादा पट्टा माउस ओढून निवडला, तर त्यातील लपलेले सेलही निवडीत येतात आणि भरले जातात. असा पट्टा निवडायचाच असेल, तर तो निवडून `Alt+;` दाबावे, म्हणजे फक्त दिसणारे सेल निवडलेले राहतात, आणि मगच टाइप करावे.

कंट्रोल दाबलेले असताना बोट चुकून खालच्या शीटच्या नावावर पडले, तर दोन शीट एकत्र जोडल्या जातात. जानेवारीच्या मस्टरमध्ये भरलेले «खा» त्याच क्षणी जोडलेल्या डिसेंबरच्या मस्टरमध्येही त्याच सेलमध्ये लिहिले जाते. खिडकीच्या वरच्या पट्टीवर फाइलच्या नावापुढे `Group` हा शब्द दिसला, तर एकही अक्षर टाइप करू नये. शीटच्या नावावर माउसचे उजवे बटण दाबून `Ungroup Sheets` निवडावे. नोंद भरून झालेली असेल, तर आधी `Ctrl+Z` दाबून ती मागे घ्यावी, नंतर शीट वेगळ्या कराव्यात आणि डिसेंबरच्या शीटवर जाऊन O4 व O13 मधल्या नोंदी पूर्वीच्याच आहेत ना, याची खात्री करून घ्यावी.