सेवा बंद पडल्यानंतर ग्राहकांना खुलासा लिहिताना या चुका टाळा

एप्रिलच्या ऐन हंगामात रत्नागिरीतील आंबा व्यापाऱ्यांचे बिलिंग सॉफ्टवेअर शनिवारी सकाळी पावणेदोन तास बंद राहिले, असे समजू. मुख्य सर्व्हर रत्नागिरीत आणि त्याची सतत अद्ययावत होणारी राखीव प्रत कुडाळला आहे. व्यापाऱ्यांना दुपारी खुलासा जातो : ‘महामार्गाच्या कामात केबल तुटल्याने सेवा बंद पडली. दुरुस्ती झाली आहे. यापुढे काळजी घेऊ.’ यातील एकही वाक्य खोटे नाही, तरीही हा खुलासा चुकीचा आहे.

पहिली आणि सर्वांत मोठी चूक म्हणजे निमित्तालाच मूळ कारण समजणे. केबल शुक्रवारी रात्री ११:४० वाजता तुटली आणि सेवा शनिवारी सकाळी ९:५२ वाजता बंद पडली. मधले दहा तास सर्व काही सुरळीत चालू होते, तेव्हा या दहा तासांत काय घडले हे सांगितल्याशिवाय कारण सांगितले असे म्हणता येत नाही. पोस्टग्रेस डेटाबेस प्रत्येक बदल आधी WAL नावाच्या एका नोंदवहीत लिहितो आणि राखीव प्रत कुठवर पोहोचली याची खूण ठेवणारा रेप्लिकेशन स्लॉट असेल, तर राखीव प्रतीला त्या नोंदी पोहोचेपर्यंत त्या पुसत नाही. कुडाळचा संपर्क तुटल्यावर नोंदी तासाला साधारण ४ जीबी या वेगाने साठत गेल्या, उरलेली ४० जीबी जागा भरली आणि डेटाबेस थांबला. किती नोंदी साठवून ठेवायच्या याला मर्यादा घातलेली नव्हती आणि जागा कमी होत असल्याचा इशारा कोणालाही गेला नाही, ही दोन मूळ कारणे आहेत. ‘का?’ हा प्रश्न आपल्या स्वतःच्या निर्णयापर्यंत येऊन पोहोचला नाही, तर शोध अर्धवट राहिला असे समजावे.

घटनाक्रम लिहिताना पहिली नोंद आपल्याला कळले त्या वेळेची करण्याचा मोह होतो. ग्राहकाचे घड्याळ मात्र त्याचे पहिले बिल अडकले तेव्हापासून चालते. शिवाय सर्व्हरच्या नोंदी बहुधा यूटीसी वेळेत असतात. तेथील ०४:२२ म्हणजे आपले सकाळचे ९:५२. ही साडेपाच तासांची बेरीज राहून गेली, तर व्यापारी आपल्या फोनमधील कॉलची वेळ पुढे करतो आणि मग बाकीच्या खुलाशावरही त्याचा विश्वास बसत नाही. या घटनेचा क्रम असा लिहावा : शुक्रवारी रात्री ११:४० केबल तुटली, शनिवारी सकाळी ९:५२ सेवा बंद, १०:०५ ग्राहकाचा पहिला फोन, ११:०५ कारण सापडले, ११:३५ सेवा सुरू. सेवा बंद पडल्याचे आपल्या यंत्रणेने नव्हे, ग्राहकाने कळवले, ही बाब यात आपोआप उघड होते आणि ती तशीच राहू द्यावी.

दुरुस्तीबद्दल ‘सर्व्हर पूर्ववत केला’ एवढे पुरत नाही, कारण वाशीला जाणाऱ्या पेट्यांची बिले करणाऱ्याला एकच प्रश्न असतो : माझ्या नोंदी शाबूत आहेत का? त्याचे नेमके उत्तर द्यावे. ९:५२ पूर्वी ज्या बिलांना क्रमांक मिळाला, ती सर्व सुरक्षित आहेत. ज्यांना क्रमांक मिळाला नाही, ती नोंदली गेलेली नाहीत आणि पुन्हा करावी लागतील. हे विधान पडताळणी झाल्यावरच करावे. काय केले तेही थोडक्यात लिहावे : डिस्कची जागा वाढवून डेटाबेस सुरू केला, अडलेला स्लॉट काढला आणि राखीव प्रत नव्याने उभारली. नोंदवहीच्या फायली हाताने पुसलेल्या नाहीत, हेही आवर्जून सांगावे. तसे केल्याने डेटाबेस बिघडू शकतो आणि ग्राहकाकडील जाणकार माणूस नेमके तेच विचारतो.

‘यापुढे काळजी घेऊ’ हे वाक्य खुलाशात नसलेलेच बरे. उपाय असा लिहावा, की तो झाला की नाही हे तपासता येईल. पोस्टग्रेस १३ पासून साठवणुकीला मर्यादा घालता येते. मुळात ती अमर्याद असते.

```
max_slot_wal_keep_size = 20GB
```

स्लॉटची स्थिती पाहण्यासाठी :

```
SELECT slot_name, active, wal_status
FROM pg_replication_slots;
```

येथे active समोर f दिसले, तर राखीव प्रत जोडलेली नाही. हा इशारा रात्रीच्या पाळीतील माणसाच्या फोनवर दहा मिनिटांत वाजला पाहिजे, कारण आधीच्याच वेगाने २० जीबी भरायला पाचच तास लागतात. प्रत्येक उपायापुढे जबाबदार व्यक्तीचे पद आणि तारीख लिहावी.

या उपायाची किंमतही ग्राहकापासून लपवू नये. मर्यादा ओलांडली गेली, की पोस्टग्रेस त्या स्लॉटसाठी नोंदी राखून ठेवणे सोडून देतो. त्यामुळे बिलिंग चालू राहते, पण कुडाळची प्रत बहुधा पुन्हा पहिल्यापासून उभारावी लागते आणि ती उभी राहीपर्यंत ताजी माहिती केवळ रत्नागिरीतच असते. केबल पुन्हा तुटणारच नाही, असे वचन देऊ नये. ती पुन्हा तुटली तरी बिले होत राहतील आणि राखीव प्रत मागे पडल्यास तसे त्याच दिवशी कळवले जाईल, एवढेच लिहावे.