नव्या पोराबरोबर कोणाला लावायचं?

पुण्यातल्या एका बर्गरच्या आउटलेटला मी शिफ्ट मॅनेजर होतो. क्रू सगळा तासावर, बहुतेक कॉलेजची पोरं. नवीन कोणी आलं की पहिला आठवडा त्याला एक बडी, म्हणजे काम शिकवणारा क्रूमधलाच जुना सोबती, द्यायची पद्धत होती. माझ्या पहिल्याच नव्या पोराला मी फ्रायरवरचा सगळ्यात चलाख गडी बडी म्हणून दिला. काम त्याच्याकडूनच शिकावं, असा माझा हिशोब.

तिसऱ्या दिवशी मागे उभा राहून बघितलं. ऑर्डर आली की बडी म्हणायचा, "थांब, मी टाकतो, तू बघ." पोरगं तीन दिवस हात मागे बांधून बघतच होतं. चौथ्या दिवशी बडीची सुट्टी आणि संध्याकाळची गर्दी. त्यानं बर्फ न झटकताच फ्रोझन फ्राइजची बास्केट तेलात सोडली, तेल उसळलं आणि मनगटावर फोड आला. आठवड्याअखेर आणखी एक उघड झालं. ब्रेकनंतर हजेरीचं पंच परत करायचं असतं हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं, त्यामुळे चार दिवसांचे तास कापले गेले. ते दुरुस्त करून घेताना माझी अर्धी दुपार गेली. तासावरच्या माणसाचा पंच चुकला म्हणजे पगारच चुकला, हे बडीच्या डोक्यात नसतं, कारण त्याला ते अंगवळणी पडलेलं असतं.

पुढच्या वेळी मी आधी रोस्टर उघडलं. नव्याच्या पाच शिफ्टपैकी निदान चार जिच्याबरोबर जुळतील अशी मुलगी शोधली, आणि उरलेल्या शिफ्टला दुसरा कोण ते नावानिशी लिहून ठेवलं. ती स्वतः चारच महिन्यांपूर्वी लागलेली, हात जरा सावकाश. पण तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला तरी ती वैतागत नसे, आणि लेबल लावल्याशिवाय डबा फ्रीजमध्ये जाऊ देत नसे. नोटीसवर असलेल्याला मात्र कधीच बडी करू नका. त्याचा राग नव्याला आधी कळतो, काम नंतर.

तिला शिफ्टआधी पंधरा मिनिटं बसवलं, पंच करायला लावून. पहिल्या दिवशी स्टेशनवर नेऊ नकोस, असं सांगितलं. लॉकर, हात धुण्याची जागा, व्हेज आणि नॉनव्हेजची वेगळी भांडी, पंच, उशीर होणार असेल तर फोन कोणाला करायचा, एवढंच दाखव. दुसऱ्या दिवसापासून एकदा करून दाखव, मग त्याला करू दे. तू बाजूला उभी राहा. त्याला भाजेल किंवा कापेल अशी वेळ आली तरच मध्ये हात घाल. चुकला तर गिऱ्हाइकासमोर बोलू नकोस. पास-नापास ठरवणं माझं काम, तुझं नाही. हे शेवटचं नव्यालाही तिच्यासमोरच सांगितलं, नाहीतर पोरं बडीला प्रश्नच विचारत नाहीत.

आणि पहिल्या दोन शिफ्ट नव्याला माणसांच्या मोजणीत धरलं नाही. यावरून स्टोअर मॅनेजरशी वाजलं. मोजणीत धरला की गर्दीत बडी स्वतःच बास्केट उचलते, आणि पोरगं पुन्हा बघत उभं राहतं.

शिफ्ट संपली की ती मला दोन वाक्यं सांगायची. एकदा म्हणाली, "सर, त्याला टायमरचा बीप ऐकू येत नाही, गर्दीत नुसता दिवा बघतो." मी त्याला टायमरकडे तोंड येईल अशी जागा दिली.