इंग्रजी बोलताना ‘च’ कुठे लावायचा?

हिंगणघाटच्या जिनिंगमधून कोइमतूरच्या सूतगिरणीला फोन लावला, की बोलणं बहुधा इंग्रजीतच होतं. वाक्य साधंच असतं: ‘वुई सेंट फॉर्टी बेल्स ऑन मंडे.’ आम्ही सोमवारी चाळीस गाठी पाठवल्या. व्याकरण चोख, तरी समोरचा पुन्हा विचारतो, कारण सगळे शब्द एकाच पट्टीत गेलेले असतात आणि मुद्दा कोणता ते त्याला कळत नाही.

मराठीत आपण ‘च’ लावतो: ‘सोमवारीच पाठवल्या न भाऊ.’ इंग्रजीत हे काम आवाज करतो. ‘च’ची सवय सुटत नाही म्हणून आपण ‘मंडे ओन्ली’ म्हणतो, पण परदेशी माणूस त्याचा अर्थ ‘फक्त सोमवारी, बाकी दिवशी नाही’ असा घेऊ शकतो.

१. आधी समोरच्याला काय ठाऊक आहे ते पाहा. त्याने विचारलं, ‘ट्यूसडेला पाठवल्या ना?’ म्हणजे गाठी, आकडा, पाठवणं हे सगळं त्याला माहीत आहे. चुकला तो फक्त वार.

२. मनात मराठी उत्तर म्हणा आणि ‘च’ कुठे पडतो ते बघा. ‘सोमवारीच’, म्हणून जोर मंडेवर. त्याने ‘थर्टी?’ विचारलं असतं, तर ‘चाळीसच’, म्हणजे फॉर्टीवर. ‘पाठवणार आहात ना?’ असं विचारलं, तर सेंटवर.

३. जोर म्हणजे ओरडणं नव्हे. त्या शब्दाचा एकच भाग लांबवा आणि सूर तिथे थोडा चढवा: ‘मऽन्-डे’. ‘डे’ वर चढवू नका.

४. जोराच्या शब्दानंतरचं सगळं खालच्या, सपाट सुरात म्हणा. ‘वुई सेंट फॉर्टी बेल्स ऑन मंडे’ यात जोर फॉर्टीवर दिल्यावर ‘मंडे’ पुन्हा उचललात, तर दोन मुद्दे ऐकू येतात. बहुतेकांचं इथेच फसतं.

आकड्यांत एक फरक कायम ठेवा. फॉर्टीचा पहिला भाग लांबतो, फोर्टीनचा शेवटचा. फोनवर चाळीसचे चौदा होतात ते इथेच.

कुणी काही विचारलंच नसेल, नुसती बातमी सांगायची असेल, तर जोर साधारणपणे शेवटच्या अर्थाच्या शब्दावर पडतो: ‘द ट्रक हॅज लेफ्ट हिंगणघाट.’

जोर चुकला, तर समोरच्याच्या पुढच्या प्रश्नावरून ओळखू येतं. वाराचं उत्तर देताना ‘वुई’ उचललंत, तर तो विचारेल, ‘मग दुसऱ्या कुणी पाठवल्या होत्या का?’

सराव करायचा तर गाठींचं वाक्य तीन जोरांनी मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि घरातल्या कुणालाही ऐकवा. तुम्ही कोणत्या प्रश्नाचं उत्तर देताय, हे त्यांनी तिन्ही वेळा ओळखायला हवं. शब्दांचा अर्थ त्यांना आधी मराठीत सांगून ठेवा. इंग्रजी येत नसेल तरी चढलेला सूर कानाला कळतो.