शंभर पाहुण्यांमागे माणसं किती? आधी जिना बघा

कार्यक्रमात गर्दी सांभाळायला किती माणसं लावायची, असं विचारल्यावर ‘शंभराला दोन माणसं’ असं ठोकून देणाऱ्यावर विसंबू नका. तो आकडा शेवटी ताळा करायला ठीक आहे, सुरुवात करायला नाही. सुरुवात जागेपासून करायची. मंगल कार्यालयात फिरा आणि जिथे माणूस थांबतो, वळतो किंवा अडतो, तिथे कागदावर फुली मारा.

सांगलीतल्या एखाद्या दुमजली कार्यालयात सहाशे पाहुण्यांचं लग्न आहे असं धरा. हॉल वर, जेवण खाली. फाटकावर एक गार्ड, पार्किंगला दोन पोरं, हॉलच्या दारात दोघं, जेवणाच्या दारात दोघं, वधूच्या खोलीपाशी एक गार्ड. हे कोणालाही जमतं.

खरी गोम जिन्यात आहे. मलाही सुरुवातीला हेच जड गेलं. पाहुणे वर चढताना तासभर सवडीने येतात, पण अक्षता पडल्या की सगळे एकदम उठतात. स्टेडियमच्या हिशेबात पायऱ्यांवरून मीटरभर रुंदीतून मिनिटाला साधारण ६६ माणसं उतरतात. जिना दीड मीटरचा असेल, तर मिनिटाला शंभर. पण नऊवारीतल्या आजी, कडेवरची पोरं आणि मध्येच थांबून गप्पा मारणारे काका धरले, तर मी निम्मेच मोजतो. म्हणजे सहाशे जणांना बारा मिनिटं. ही बारा मिनिटं जिन्यावर नाही, वर खुर्चीत गेली पाहिजेत. म्हणून जिन्याच्या वर दोघं आणि खाली एकच. वरच्यांनी रांगांप्रमाणे सोडायचं. खालच्याने जेवणाच्या दारात दाटी दिसली की हात वर करायचा, मग वरचे थांबवतील. खाली चार जण उभे करून ‘चला, चला’ ओरडणं म्हणजे मागून रेटा वाढवणं. वरच्यांना जिन्यावरची पायरी दिसेनाशी झाली, तर सोडणं लगेच बंद. पायऱ्यांवर पाणी सांडलं असेल तर आधी ते पुसा. शेजारच्या सातारा जिल्ह्यात, मांढरदेवीच्या जत्रेत २००५ साली निसरड्या पायऱ्यांवर आणि चिंचोळ्या वाटेवर चेंगराचेंगरीत काय झालं, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

जिन्यावर नात्यातली पोरं नकोतच. फोटोची हाक आली की ती पळतात, आणि मामाला ‘थांबा’ म्हणायची त्यांची छाती होत नाही. तिथे पैसे देऊन आणलेली माणसं लावा.

एकूण झाले अकरा. पाणी, जेवण, लघवीला जाणाऱ्यांच्या जागी दोन धरा. तेरा, म्हणजे शंभराला दोनाहून थोडे जास्त.

आता गर्दी बदला. याच हॉलमध्ये भजन असेल, तर गार्ड एक पुरे, पण म्हाताऱ्यांना हात द्यायला जिन्यावर दोन जण वाढवा. ऑर्केस्ट्रा आणि स्टेजपुढे नाचणारी पोरं असतील, तर स्टेजच्या कठड्याशी चार गार्ड लागतील; तिथे स्वयंसेवक कुचकामी. आणि तेच लग्न मैदानातल्या मांडवात असेल, तर जिन्यावरचे तिघे वजा करा. मांडवाला बाहेर पडायच्या वाटा किती ठेवल्यात, हे मात्र डेकोरेटरला विचारून नाही, स्वतः चालून मोजा. कनातीमागे खुर्च्या रचून ठेवल्या असतील, तर ती वाट धरायची नाही.